मेलेले उंदीर मोजू नका, उरलेले मोजा: आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

'सोसायटीतील उंदरांचा बंदोबस्त करण्यात आला आहे, सहकार्याबद्दल आभार' अशी आपली सूचना लिफ्टशेजारच्या फलकावर लागली आहे. ज्या बैठकीत ही सूचना काढायचं ठरलं, त्याच बैठकीत डक्टची सफाई, पाइपांभोवतीची भोकं बुजवणं आणि कचऱ्याच्या डब्यांना झाकणं बसवणं, हे तिन्ही विषय 'तूर्त आवश्यकता नाही' म्हणून पुढे ढकलले गेले. इतिवृत्तात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. मला हे मान्य नाही. सचिवांना भेटून, अर्ज देऊन झालं. आता उघडपणे लिहितो आहे, कारण नेरूळमधल्या आमच्या सेक्टरात बहुतेक सोसायट्यांचा कारभार असाच चालतो आणि उंदीर काही सातबारा बघून हद्द ओलांडत नाहीत.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगतो. नोकरीची सगळी वर्षं मी तुर्भ्याच्या घाऊक बाजारालगतच्या गोदामांमध्ये धान्य राखण्यात घालवली. कीड, बुरशी, उंदीर आणि घुशी हेच माझं काम होतं. आता सी विंगमध्ये तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, आणि घरात जमिनीवर रांगणारी, सापडेल ते तोंडात घालणारी नात आहे.

फेब्रुवारीत बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंनी गॅसच्या सिलिंडरमागे लेंड्या दिसल्याची तक्रार केली. आपण एक पिंजरा लावला, त्यात एक उंदीर सापडला आणि विषय संपला. जूनमध्ये पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये तीन विंगमधून एकदम तक्रारी आल्या, तेव्हा कंत्राटदाराला बोलावलं. त्याने अकरा मेलेले उंदीर ओळीने मांडून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्या फोटोवर किती अंगठे उमटले! 'एवढे कुठून आले अचानक?' असंही कोणीतरी विचारलं होतं. त्याचं उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून मी देतो.

अचानक काहीच आलेलं नाही. उंदराची मादी अडीच-तीन महिन्यांची झाली की पिल्लं देण्याच्या वयाची होते. दर चार-पाच दिवसांनी ती माजावर येते. गाभण राहिल्यापासून २१ ते २३ दिवसांत व्यायते, आणि व्यायल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एक वेत अंगावर पीत असतं तेव्हा दुसरं पोटात असतं. एका वेतात सात-आठ पिल्लं सहज असतात. थंड मुलखात हिवाळ्यात त्यांची वीण मंदावते. आपल्याकडे तशी थंडी नाही आणि आपला कचऱ्याचा डबा वर्षभर भरलेला, त्यामुळे वीण बारमाही चालते.

'एका जोडीपासून वर्षात हजारो उंदीर होतात' असे संदेश फिरतात, त्यांच्यावर मात्र विश्वास ठेवू नका. त्या हिशोबात एकही पिल्लू मरत नाही. प्रत्यक्षात मोकळ्यावरचे बहुतेक उंदीर वर्षभरसुद्धा जगत नाहीत. मांजर, घुबड, आजार, आपसातल्या मारामाऱ्या यांत जातात. म्हणून मी हात आखडता घेऊन हिशोब मांडतो. फेब्रुवारीत एकच गाभण मादी मागच्या नाल्यातून बी विंगच्या डक्टमध्ये आली असं धरा. ती दर महिन्याला नाही, दर दोन महिन्यांनीच व्यायते. वेतात आठ पिल्लं, त्यांतली निम्मी मरतात. उरलेल्या चारांत दोन माद्या. आणि प्रत्येक मादी स्वतःच्या जन्मानंतर चार महिन्यांनी पहिल्यांदा व्यायते. नर बाहेरून येवोत की त्याच कुटुंबातले असोत, उंदरांना त्याचं वावडं नाही.

फेब्रुवारीत एक वेत, वाचलेली पिल्लं चार. एप्रिलमध्ये पुन्हा तीच एकटी आई व्यायली, पिल्लं आठ झाली. जूनमध्ये आईबरोबर फेब्रुवारीच्या दोन मुली व्यायल्या, म्हणजे तीन वेतं, पिल्लं वीस. ऑगस्टमध्ये एप्रिलच्या मुलीही धरून पाच वेतं, पिल्लं चाळीस. ऑक्टोबरमध्ये जूनच्या सहा मुली भर घालतील, म्हणजे अकरा वेतं आणि एकूण चौऱ्याऐंशी. मोठे झालेले उंदीरही अधूनमधून मरतात ते मी यात धरलेलं नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी असेल. पण चाल बघा. पहिले चार महिने एकच मादी काम करते आणि कोणाला पत्ता लागत नाही. पुढच्या चार महिन्यांत तिच्या मुली हाताशी येतात आणि आपण म्हणतो, 'अचानक' झालं.

त्या पहिल्या चार महिन्यांत काही का दिसत नाही, यालाही साधं कारण आहे. पिल्लं जन्मतात ती आंधळी, अंगावर केस नसलेली. डोळे उघडायला दोनेक आठवडे जातात, दूध तुटायला तीन-चार. तोवर ती बिळाबाहेर पडत नाहीत. घरटं डक्टच्या तळाशी साठलेल्या कचऱ्यात किंवा पंपरूमच्या जोत्याखाली असलं, तर आपल्याला दिसतात त्या फक्त आईच्या लेंड्या, त्याही भिंतीच्या कडेकडेने, कारण उंदीर मोकळ्या जागेतून जायचं टाळतो. रोज एकाच वाटेने गेल्यामुळे त्याच्या अंगाचं तेल आणि मळ भिंतीला लागून काळपट पट्टा उमटतो. आपल्या मीटररूमच्या दाराशी, जमिनीपासून बोटभर उंचीवर, तो पट्टा आजही आहे. बोट लावून बघा, चिकट लागेल. जुना, वापरात नसलेला पट्टा सुकून धुळीने भरतो.

जागा भरली की पुढचा टप्पा सुरू होतो. उंदरांच्या टोळीत दांडगे आणि दबलेले असे थर असतात. दांडगे घरट्याजवळचं, डब्याजवळचं ठिकाण धरून बसतात. कोवळ्या आणि दबलेल्या उंदरांना तिथून हाकललं जातं आणि ते नवी जागा शोधतात. उंदीर एरवी आपल्या बिळापासून तीस ते पन्नास मीटरच्या आत फिरतो, पण आपली इमारत या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास तेवढीच आहे. जूनमध्ये पार्किंग, ऑगस्टमध्ये ए आणि सी विंग, हा प्रवास असा झाला. भरदिवसा उंदीर दिसू लागला तर बहुधा समजावं की रात्रीच्या जेवणात त्याचा नंबर लागत नाही, इतकी गर्दी झालेली आहे. आपल्या वॉचमनला मागच्या महिन्यात तो दुपारी दोन वाजता दिसला होता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार फोटोबद्दल. अकरा मेले हे कळलं. उरले किती, हे कोणी बघितलं? वरचा हिशोब धरला तर ऑगस्टमध्ये चाळीसच्या आसपास उंदीर होते. फोटोत न आलेले बिळात मेलेले धरून, अगदी तीस मेले असं मानू. दहा उरले, त्यांत पाच माद्या. त्या पाच व्यायल्या की जगणारी पिल्लं वीस, दोन महिन्यांनी परत व्यायल्या की आणखी वीस. दिवाळीच्या सुमारास आपण होतो तिथेच किंवा त्याच्या पुढे असू. शिवाय गर्दी कमी झाल्यामुळे उरलेल्यांना खायला भरपूर आणि जागा ऐसपैस, म्हणजे निम्मी पिल्लं मरतील हे माझं गृहीतही तेव्हा चुकेल. जास्त जगतील. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९४०च्या दशकात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच वर्षानुवर्षं तपासलं. वस्त्यांमधले उंदीर मारून संख्या खाली आणली की काही महिन्यांत ती पुन्हा पहिल्या पातळीला येई. जिथे कचरा आणि आडोसा कमी केला, तिथे मात्र संख्या खाली गेली ती खालीच राहिली. या गोष्टीला पाऊणशे वर्षं होऊन गेली आणि आपण अजून ओळीने मांडलेल्या उंदरांचे फोटो काढतो आहोत.

दुसरी तक्रार विषाबद्दल, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे. कंत्राटदाराने पावाच्या तुकड्यांना काळी पूड लावून ते तुकडे उघड्यावर टाकले. त्या पुडीला लसणासारखा वास येत होता. ते झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी मिळून त्याचा फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांतच मरतो. त्यावर नेमका उतारा नाही, माणसासाठीही नाही. आणि हे तुकडे माझ्या खिडकीच्या कठड्यावर सापडले. कावळ्याने आणले असावेत. जिथे मुलं रांगतात तिथे हे करायचं नसतं, एवढंही कोणी त्याला सांगितलं नाही?

सुरक्षिततेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी काम कच्चंच आहे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. ओळखीच्या वाटेवर काही नवं दिसलं तर चार-आठ दिवस त्याकडे फिरकत नाही, मग अगदी थोडंसं चाखून बघतो. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून ही सावधगिरी त्याच्या हाडीमाशी खिळलेली आहे. चाखलेल्या कणाने तो मेला नाही, नुसता तासाभरात आजारी पडला, तर अन्न आणि आजार यांचा संबंध त्याला बरोबर कळतो. पुढे कितीतरी आठवडे तो त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून गोदामात झिंक फॉस्फाईड वापरायचं झालं, तर आधी तीन-चार रात्री तेच धान्य बिनविषाचं, थोडं तेल लावून ठेवायचो. ते रोज संपू लागलं की मगच एका रात्री विषाचं. आपल्याकडे पहिल्याच दिवशी विष टाकलं गेलं. मेले ते बहुतेक कोवळे, भुकेले, दबलेले. अनुभवी माद्या आता शहाण्या झाल्या असणार, आणि तोच पाव पुन्हा टाकला तर वाया जाईल.

दुसरा मार्ग ब्रोमाडिओलोनच्या वड्यांचा. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, पण परिणाम दिसायला तीन-चार दिवस किंवा जास्तही लागतात, त्यामुळे आजार कशाने आला हे उंदराला कळत नाही आणि तो खात राहतो. त्यावर 'के' जीवनसत्त्वाचा उपचार आहे. वड्या कुलूपबंद डब्यांत, भिंतीच्या कडेला ठेवायच्या आणि संपतील तशा भरायच्या. एकदा ठेवून निघून गेलं की काम फसलं. याचेही तोटे आहेत. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही जाऊ शकतात, म्हणून मेलेले उंदीर रोज उचलून खोल पुरावे लागतात. पण पावाचे तुकडे फेकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

तिसरी तक्रार: काम फक्त बी विंगमध्ये झालं. चार विंग, एक गटार, एक पार्किंग. ए, सी आणि डी मधल्या उंदरांना आपण रिकामी जागा करून दिली, एवढंच त्यातून साधलं.

चौथी तक्रार डक्टची. मी खिडकीतून टॉर्च मारला तर तळाशी काय दिसतं ते लिहितो: दुधाच्या पिशव्या, केळीच्या साली, पोळीचे तुकडे, गणपतीतल्या निर्माल्याची एक गाठोडी, आणि गळक्या पाइपाखाली कायमचं डबकं. एका उंदराला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम खाणं आणि साधारण तेवढंच पाणी पुरतं. आपल्या डक्टच्या तळाशी चाळीस उंदरांची खानावळ बारा महिने चालते. वरच्या मजल्यांवरून कचरा टाकणारे कोण, हे कार्यकारिणीला माहीत आहे. त्यांना नोटीस द्यायला हात धजत नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला इथे उंदरांऐवजी आपणच घाबरतो.

एक सदस्य बैठकीत म्हणाले की गणपतीचं वाहन आहे, फार मागे लागू नये. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. मग तर डक्ट साफ करणं आणि भोकं बुजवणं हा एकही उंदीर न मारता करायचा उपाय आहे. नेमका तोच आपण पुढे ढकलला.

पाचवी तक्रार थोडक्यात, पण माझ्या मते सगळ्यात गंभीर. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात, लघवीतून बाहेर पडतात, आणि साठलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे माणसाच्या अंगात शिरतात. त्याने उंदराला काही होत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराने काय केलं, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पावसाळ्यात आपला सफाई कामगार रबरी चपला घालून पंपरूमचं पाणी उपसतो. त्याला गमबूट द्यायचा विषय कधी अजेंड्यावर आलाच नाही.

आता मागण्या. पैसे लागतील हे मला ठाऊक आहे, पण दोन गाड्यांच्या वायरिंगचा खर्च सभासदांनी आपापल्या खिशातून भरला आहे, तोही हिशोबात धरा.

१. फलकावरची 'बंदोबस्त झाला' ही सूचना काढावी. तिच्यामुळे लोक डबे पुन्हा उघडे ठेवू लागले आहेत.

२. आधी चारही डक्ट साफ करावेत, गळते पाइप दुरुस्त करावेत, आणि ओला कचरा रात्रभर खाली राहणार नाही अशी वेळ ठरवावी. त्यानंतरही डक्टमध्ये कचरा टाकणाऱ्याला दंड लावावा. सुरुवात माझ्या विंगपासून करा.

३. मग चारही विंगमध्ये एकाच वेळी, कुलूपबंद डब्यांतून आमिष ठेवावं आणि ते खाल्लं जाणं थांबेपर्यंत भरत राहावं. शेजारच्या दोन सोसायट्यांना सोबत घ्यावं. त्यांच्याशी बोलायची जबाबदारी मी घेतो. झिंक फॉस्फाईड आवारात आणू नये.

४. हालचाल थांबल्यावर पाइपांभोवतीची भोकं बुजवावीत. उंदराचं पिल्लू अर्ध्या इंचाच्या फटीतून जातं, त्यामुळे 'एवढीशी तर फट आहे' हे चालणार नाही. नुसता फोम भरला तर तो एका रात्रीत कुरतडला जातो. पाव इंची लोखंडी जाळी कोंबून वर सिमेंटचा गिलावा हवा, आणि मीटररूम व पंपरूमच्या दारांना खालून पत्र्याची पट्टी. हे काम शेवटी करायचं, नाहीतर आत अडकलेले उंदीर भिंतीत मरतील आणि त्या वासाने पुढच्या सभेत मलाच उभं केलं जाईल.

५. कंत्राटदाराला पैसे मेलेल्या उंदरांवर न देता तपासणीवर द्यावेत. तपासणी सोपी आहे, वॉचमनही करू शकेल. संध्याकाळी ठरलेल्या दहा जागी भिंतीलगत शंखजिऱ्याची किंवा रांगोळीची पातळ पट्टी टाकायची आणि सकाळी किती पट्ट्यांवर पावलं उमटली ते वहीत लिहायचं. आवारातली बिळं संध्याकाळी मातीने बुजवायची आणि सकाळी किती उकरलेली आहेत ते मोजायचं. तोंडाशी मातीचा ढीग असेल तर ती घूस, आणि तिचं बीळ पायाच्या भिंतीखाली जात असेल तर इंजिनिअरलाही दाखवा. गोदामात आम्ही वजन करून साधं धान्यही ठेवायचो. रात्रीत पाव किलो कमी झालं तर आठ-दहा उंदीर असा अंदाज. पण घूस धान्य बिळात नेऊन साठवते, म्हणून तिथे हा अंदाज फुगतो. पट्ट्या आणि बिळं आपल्याला पुरेत. सलग तीन महिने दोन्ही आकडे शून्य आले, तर बंदोबस्त झाला अशी सूचना मी स्वतः टाइप करून देईन. त्यानंतरही महिन्यातून एकदा पट्ट्या टाकाव्या लागतील, कारण नाल्यातून पुढची गाभण मादी कधीही येऊ शकते.

६. सफाई कामगार आणि वॉचमन यांना गमबूट आणि रबरी हातमोजे या आठवड्यात द्यावेत. यासाठी सभेची वाट बघायचं कारण नाही.

बाकीच्या मागण्यांसाठी विशेष सर्वसाधारण सभा ऑक्टोबर उजाडण्याआधी बोलवावी. पाच वेतांची अकरा होतात ती त्याच महिन्यात. मीटररूमच्या दाराशी मी काल रात्री रांगोळीची एक पट्टी टाकली होती, सकाळी तिच्यावर दोन्ही दिशांनी गेलेली पावलं होती. फोटो ग्रुपवर टाकला आहे, आपणही आज रात्री टाकून बघा.

आपला,
सी विंगमधील एक सभासद